पाय ब्रेकवर नसताना लागलेलं चिन्ह

पिवळं चिन्ह लागलं तेव्हा माझा पाय ब्रेकवर नव्हता. सगळी गोष्ट या एका वाक्यात होती, पण ती कळायला मला पुढचे तीन आठवडे लागले.

पुण्याहून परत येत होतो. एक्सप्रेसवेवर घाट उतरून पनवेलच्या अलीकडे सपाटीला लागलो आणि डॅशबोर्डवर बल्बचं छोटं चित्र पेटलं, शेजारी उद्गारचिन्ह. नवरा म्हणाला, "ब्रेकचं काहीतरी दाखवतंय, थांबूया का?" मला हे चिन्ह माहीत होतं. हँडब्रेक ओढलेला असला किंवा ब्रेक ऑइल कमी झालं की लागतं ते लाल असतं, गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस. ते लागलं तर खरंच कडेला थांबायचं. हे पिवळं होतं. त्याचा अर्थ मागचा ब्रेकलाइट गेला, ब्रेक नव्हे. ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, त्याला दिव्याशी काही देणंघेणं नसतं. तरी पुढच्या पेट्रोलपंपावर थांबून नवऱ्याला मागे उभं केलं आणि ब्रेक दाबला. उजवा लागला, वरचा मधला लागला, डावा नाही.

आमची गाडी जपानी कंपनीची, 2009 सालची ऑटोमॅटिक सेदान. मागे दोन्ही बाजूंना डबल फिलामेंटचे बल्ब आहेत. एकाच काचेत दोन तारा असतात, 5 वॅटची तार पार्किंग लाइटची आणि 21 वॅटची ब्रेकची. घरी मुलुंडला आल्यावर डावा बल्ब काढून उजेडात धरला. जाड तार मधोमध तुटली होती आणि काचेवर आतून काळसर झाक आली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तसाच बल्ब आणला. त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो उलटा बसत नाही. बसवला, चिन्ह गेलं, विषय संपला असं मला वाटलं.

दोन गोष्टी मात्र नजरेतून सुटल्या होत्या. त्याच प्रवासात क्रूझ कंट्रोल लागत नव्हतं. बटण दाबलं की हिरवा दिवा यायचा, वेग काही धरला जायचा नाही. जुनी गाडी आहे, असेल काहीतरी, म्हणून मी सोडून दिलं. दुसरं म्हणजे महिन्याभरापूर्वी गाडी झाडताना ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर प्लॅस्टिकचे तीन-चार फिकट तुकडे सापडले होते, नखाएवढे, हातात घेतले की चुरा होणारे. मुलाच्या खेळण्यातले असतील म्हणून टाकून दिले.

त्यानंतरच्या गुरुवारी रात्री साडेआठला गाडी लावून वर गेले. दहाच्या सुमारास खालून वॉचमन काकांचा इंटरकॉमवर फोन आला. "ताई, तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे चालूच राहिलेत." मी खाली गेले तर दिवे बंद. काका खजील झाले, म्हणाले, "आत्ता होते हो, भिंत लाल दिसत होती." मला वाटलं, शेजारच्या कोणी गाडी काढली असेल, तिचे दिवे त्यांनी पाहिले असतील. काकांचं म्हणणं मी तेव्हा मनावर घेतलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यांनी अगदी बरोबर पाहिलं होतं. सकाळी सातला चावी फिरवली तर नुसती टकटक. बॅटरी बसली होती.

ब्रेकलाइटला बहुतेक गाड्यांत बॅटरीतून थेट वीज असते, चावी काढली तरी. दोन बल्ब 21 वॅटचे, म्हणजे 42 वॅट, 12 व्होल्टला साडेतीन अँपिअर. वरच्या एलईडी दिव्याचे थोडे धरले तर पावणेचारच्या आसपास. आमची बॅटरी 45 अँपिअर-तासांची. साडेआठ ते सात म्हणजे साडेदहा तास. एवढा वेळ दिवे सलग पेटले तर जवळजवळ 40 अँपिअर-तास जातात. आणि इंजिन फिरेनासं व्हायला बॅटरी पूर्ण रिकामी व्हावी लागत नाही, त्याच्या बरंच आधी ती हात टेकते. दिवे मधूनमधून विझत होते, तरी तेवढं पुरलं.

शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावून इंजिन चालू केलं आणि मी गाडी थेट भांडुपच्या वायरिंगवाल्या काकांकडे नेली. तिथे पहिल्यांदा मला दिवे अडकलेले प्रत्यक्ष दिसले. मी गाडीतून उतरले होते, इंजिन बंद होतं, चावी हातात होती आणि मागचे तिन्ही दिवे लालभडक.

काकांनी कुठलंही हत्यार घेतलं नाही. पुढचं दार उघडून त्यांनी बुटाचं टोक ब्रेक पेडलच्या खाली घातलं आणि पेडल हलकेच वर उचललं. दिवे विझले. पाय काढला, पेडल केसभर खाली आलं, दिवे पुन्हा लागले. "स्विचच्या वर काही नाही," ते म्हणाले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ, वायरिंगमध्ये शॉर्ट नाही, खोट पेडल आणि स्विच यांच्यामध्येच आहे. पेडल उचलूनही दिवे विझले नसते तर त्यांनी स्विचची दट्टी बोटाने आत दाबून पाहिली असती. तरीही विझले नसते तर स्विचचं कनेक्टर काढलं असतं. ते काढूनही दिवे चालू राहिले तरच वायर कुठेतरी चिकटली म्हणायची.

मग त्यांनी मला टॉर्च दिला आणि वाकून बघायला लावलं. पेडलचा दांडा वर जिथे सांध्यापाशी जातो तिथे एका पत्र्याच्या पट्टीत आटे असलेला स्विच बसवलेला असतो, पेनाच्या टोपणापेक्षा थोडा जाड. त्याच्या तोंडातून स्प्रिंगवरची दट्टी बाहेर येते. पेडल मोकळं असलं की दांडा दट्टीला आत दाबून ठेवतो आणि आतले संपर्क वेगळे राहतात. पेडल दाबलं की दांडा दूर जातो, दट्टी बाहेर येते, संपर्क जुळतात आणि दिवे लागतात. म्हणजे हा स्विच दाबल्याने लागत नाही, सोडल्याने लागतो. घरातल्या फ्रिजच्या दाराचा स्विच तसाच असतो. दार दट्टीला दाबून ठेवतं तोवर दिवा बंद.

दांड्याला दट्टीसमोर एक भोक असतं आणि त्यात प्लॅस्टिकची टिकली बसवलेली असते. दट्टी त्या टिकलीवर टेकते. आमच्या गाडीतली टिकली वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि दाबाने ठिसूळ होऊन अर्धी तुटून पडली होती. उरलेल्या अर्ध्या भागावर दट्टी कशीबशी टेकत होती. कधी नीट, कधी कडेवर, कधी भोकात घसरून. मॅटवरचे ते फिकट तुकडे म्हणजे हीच टिकली. ते पाहून मला एकदम सगळं आठवलं.

काकांनी तात्पुरती सोय केली. भोकात एक आखूड बोल्ट घालून मागून नट आवळला, बोल्टचं डोकं दट्टीसमोर आलं. दिवे विझले. मी दहा वेळा ब्रेक दाबून पाहिला, प्रत्येक वेळी लागले आणि विझले. "टिकली मागवतो, पण हे चालेल," ते म्हणाले. टिकलीपुरतं ते चाललंही असतं. स्विचच्या आत काय झालंय हे मात्र त्या दिवशी आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

नऊ दिवसांनी मुलुंड चेकनाक्याच्या सिग्नलला एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला आणि हातवारे करू लागला. काच खाली केली. "ताई, ब्रेकलाइट लागत नाही तुमची. आत्ता ठोकली असती मागून." चिन्ह? काहीच नव्हतं, डॅशबोर्ड स्वच्छ. मी गाडी कडेला घेतली, उतरून त्याच रिक्षावाल्याला बघायला सांगितलं आणि ब्रेक दाबला. तो म्हणाला, लागली. पुन्हा दाबला, लागली. तिसऱ्यांदा लागली नाही. चौथ्यांदा लागली, पण मंद. तो पार्किंग लाइट आणि ब्रेकलाइट यातला फरक दाखवायला बोटांनी चिमूट करत होता.

तिथून परत फिरायला हवं होतं. मी आणखी दहा मिनिटं सर्व्हिस रोडने डाव्या बाजूने हळू चालवत ऑफिसला गेले आणि संध्याकाळी गाडी तिथून निघालीच नाही. इंजिन सुरू झालं, पण गिअरचा दांडा पी म्हणजे पार्कवरून हलेना. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय दांडा पी मधून सुटत नाही, आणि ब्रेक दाबला आहे हे गाडीला तोच स्विच सांगतो. स्विच मुका झाला तर मी पेडलवर उभी राहिले तरी गाडीच्या लेखी माझा पाय जमिनीवरच. दांड्याशेजारी झाकणाखाली एक खाच असते, तिच्यात चावी खुपसून दाबली की दांडा सुटतो. तसं करून मी निघू शकले असते. पण ब्रेकलाइट नसलेली गाडी संध्याकाळी सातला पूर्व द्रुतगती महामार्गावर नेणं मला पटेना. काकांना फोन केला. ते स्कूटरवरून आले.

त्यांनी आधी हॉर्न वाजवला. मला नवल वाटलं, पण आमच्या गाडीत हॉर्न आणि ब्रेकलाइटचा फ्यूज एकच आहे, 15 अँपिअरचा. हॉर्न वाजतोय म्हणजे फ्यूज शाबूत. तिन्ही दिवे एकदम गेलेत म्हणजे बल्बही नाहीत, तीन बल्ब एका दिवशी मरत नाहीत. मग त्यांनी स्विचचं कनेक्टर काढलं आणि तारेच्या छोट्या तुकड्याने त्याची ब्रेकलाइटची दोन टोकं जोडली. मागची भिंत लाल झाली. वायर, अर्थिंग, बल्ब सगळं ठीक, राहिला फक्त स्विच.

तरी त्यांनी कनेक्टर परत लावून मीटर धरला, कारण मी विचारलं की सकाळी दिवे मंद का होते. पेडल पाचसहा वेळा दाबल्यावर दिवे एकदाचे लागले, तसेच मंद. स्विचमध्ये शिरणाऱ्या तारेवर 12.3 व्होल्ट, बाहेर पडणाऱ्या तारेवर 9.4. जवळजवळ तीन व्होल्ट त्या एवढ्याशा डबीत जात होते, आणि बोट लावलं तर डबी गरम लागत होती. दुसऱ्या दिवशी नवा स्विच लावून तेच माप घेतलं तेव्हा फरक 0.1 व्होल्ट होता.

का, ते जुना स्विच फोडल्यावर दिसलं. आत तांब्याच्या पट्टीवर दोन छोटे गोल संपर्क, एकावर खड्डा पडलेला, दुसऱ्यावर काळी साय. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या मानाने फारच कमी असतो, त्यामुळे दिवा लागण्याच्या क्षणी वीज नेहमीच्या कित्येक पट ओढली जाते. संपर्क झटकन जुळले तर ते हा धक्का सोसतात, वर्षानुवर्षं सोसतात. पण अर्ध्या तुटक्या टिकलीवर दट्टी धड आत नाही, धड बाहेर नाही अशी अडकली होती. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यागणिक संपर्क किंचित टेकायचे आणि सुटायचे, दर टेकण्याला ठिणगी. माझा पाय ब्रेकवर नसताना मागे दिवे फडफडत होते. डावा बल्ब त्यातच गेला असावा. आणि संपर्कही त्यातच जळले. दिवे अडकणं आणि दिवे मरणं हे दोन वेगळे बिघाड आहेत असं मी समजत होते. आमच्या गाडीत ती एकाच झिजेची पहिली आणि दुसरी पायरी होती.

मग चिन्ह गप्प का राहिलं? आमच्या गाडीत दिव्यांवर नजर ठेवणारा भाग डाव्या आणि उजव्या बल्बची वीज तराजूसारखी तोलतो. दोन्हीकडे सारखी वाहिली तर पारडी समान, चिन्ह नाही. एका बाजूला वाहिली आणि दुसरीकडे नाही, की चिन्ह. आता दिवे अडकले तर दोन्हीकडे सारखी वीज वाहते, पारडी समान. स्विच मेला तर दोन्हीकडे शून्य, तेही समान. म्हणजे हे चिन्ह एका बल्बचं मरण सांगतं, स्विचचं नाही. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये संगणक प्रत्येक दिव्याची वीज वेगळी मोजतो आणि स्विचमध्ये संपर्कांच्या दोन जोड्या असतात, एक जुळली की दुसरी सुटते. दोन्हींचा मेळ बसला नाही तर P0504 असा कोड नोंदला जातो. तिथे स्विचची झीज पकडली जाण्याची शक्यता बरीच जास्त.

पण आमच्या जुन्या तराजूनेही पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगितली होती. वीज वाहत असेल तरच त्याला तोलायला काही असतं. चिन्ह पेटलं तेव्हा मी सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरवर होते. पाय ब्रेकवर नसताना तराजू झुकला, म्हणजे ब्रेकलाइटमध्ये त्या वेळी वीज वाहत होती. क्रूझ कंट्रोल त्याच कारणाने धरत नव्हतं, त्याला सतत वाटत होतं की मी ब्रेक दाबलाय. आणि मागच्या माणसाला तासभर माझे दिवे लाल दिसत होते. मी खरंच ब्रेक दाबला असता तर त्याला त्यातला फरक कळायला काही मार्गच नव्हता.

स्विच आणि टिकली काकांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणली. गाडी त्या रात्री ऑफिसच्याच पार्किंगमध्ये राहिली. सकाळी काम अर्ध्या तासाचं झालं. बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, कनेक्टर सोडला, 14 च्या पान्याने नट सैल करून जुना स्विच फिरवत बाहेर घेतला. बोल्ट काढून नवी टिकली बोटाने भोकात दाबली, ती टक्कन बसली. मग नवा स्विच फिरवत आत नेला, दट्टी पूर्ण दबून स्विचचं अंग टिकलीला टेकेपर्यंत. तिथून पाव फेरा मागे. या गाडीला एवढंच अंतर लागतं, सुमारे 0.3 मिलिमीटर. दुसऱ्या कंपन्यांत ते एक-दोन मिलिमीटरही असतं, आणि काही स्विच आट्याचे नसतातच, पेडल दाबून धरून एकदाच बसवायचे असतात, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहावं. मग काकांनी स्विच एका हाताने घट्ट धरून नट आवळला, नाहीतर नटाबरोबर स्विचही फिरतो आणि ठेवलेलं अंतर जातं.

या अंतराबद्दल काका फार कडक होते. अंतर जास्त राहिलं तर दिवे पुन्हा अडकतात, हे सगळ्यांना दिसतं. उलटी चूक दिसत नाही. स्विच जास्त आत नेला तर तो पेडलला मागे पूर्ण येऊच देत नाही, ब्रेक पुसटसा लागलेला राहतो, चाकं तापतात, ॲव्हरेज पडतो. म्हणून स्विच बसवल्यावर त्यांनी पेडल हाताने दाबून वरचा मोकळा खेळ आहे का ते पाहिलं. गाडी थोडी फिरवून आणल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन कुठलं वेगळं तापलंय का तेही पाहिलं.

जाताना त्यांना मी विचारलं, मागे एलईडी बल्ब टाकले तर स्विचवर ताण कमी पडेल ना? पडेल, ते म्हणाले, वीज फारच कमी लागते. पण एकाच बाजूला टाकला तर तराजू झुकून चिन्ह कायमचं पेटेल, आणि दोन्हीकडे टाकले तर काही गाड्यांत एवढीशी वीज त्याला दिसतच नाही. मी साधेच बल्ब ठेवले, दोन्ही नवे आणि एकाच कंपनीचे.

आता रात्री गाडी लावताना मी ती मागून भिंतीकडे घेते. ब्रेक दाबते, भिंत लाल होते. पाय सावकाश उचलते आणि पेडल वर टेकायच्या आत लाली जाते का ते आरशात बघते. परवा वॉचमन काका बाजूला उभे होते. त्यांना पुढे बोलावून टॉर्च दिला आणि पेडलच्या वरची ती पांढरी टिकली दाखवली. त्यांनी बराच वेळ वाकून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशानं?" मी जुना स्विच खणातून काढून त्यांच्या हातावर ठेवला.